धागा: 1.5 टन एसीची किंमत 5,000 ने कमी पडली, दुरुस्तीची पोस्ट तपासून द्या

दुकान_जळगाव
घरगुती उपकरणांचं ऑनलाइन दुकान आहे, डिलिव्हरी जळगाव, धुळे, नंदुरबार या तीनच जिल्ह्यांत. आखाजीच्या सेलसाठी काल रात्री 11:40 ला नवीन किमतींची फाइल साइटवर चढवली. सकाळी 8:25 ला लक्षात आलं की 1.5 टन 3 स्टार इन्व्हर्टर एसी 38,490 ऐवजी 33,490 ला दिसतोय. तेवढ्या वेळात 17 ऑर्डरी पडल्या, 11 चे पैसे आलेत, 6 कॅश ऑन डिलिव्हरी. सकाळी 7 ला पोऱ्याने साइटवरची किंमत पाहून बॅनर बनवला आणि स्टेटसला व चार व्हॉट्सअॅप ग्रुपांत टाकला, तोही चुकीचाच. आता किंमत बरोबर केली आहे. ही पोस्ट टाकू का?

"तांत्रिक बिघाडामुळे 1.5 टन एसीच्या किमतीबाबत काही ग्राहकांचा गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत. सुधारित किंमत ~~₹33,490~~ ₹38,490. झालेल्या ऑर्डरी रद्द समजाव्यात."

भाव_पाडू
टाकून मोकळे व्हा भाऊ. 17 गुणिले 5,000 म्हणजे 85,000 चा फटका. साइटच्या अटींमध्ये "कोणतीही ऑर्डर रद्द करण्याचा अधिकार आमच्याकडे राखीव" असं असतंच. तेवढं एक वाक्य असलं की विषय संपला.

तक्ताबहाद्दर
पोस्ट थांबवा. आधी दोन गोष्टी सांगा. 1 टनच्या एसीची खरी किंमत किती? आणि आत्ता साइटवर अशी एखादी वस्तू आहे का, जिला "Add to cart" बटणच दिसत नाही?

दुकान_जळगाव
1 टन 33,490. आणि हो, 90 लिटर कूलरला सकाळपासून बटण नाही. मला वाटलं साइट हळू चालतेय म्हणून.

तक्ताबहाद्दर
मग तुमची चूक एका एसीची नाही, अख्ख्या रकान्याची आहे. 1.5 टनला बरोब्बर 1 टनची किंमत लागलीय, म्हणजे खालच्या ओळीचा आकडा वर सरकला. हे कसं होतं सांगतो. बंद झालेलं एखादं मॉडेल यादीतून काढताना पूर्ण ओळ न काढता फक्त किमतीचा खाना निवडला जातो, राइट क्लिक करून Delete केलं की एक्सेल विचारतं, आणि आपण "Shift cells up" वर ओके करतो. त्या खान्याच्या खालची प्रत्येक किंमत एक घर वर जाते. नावं, कोड, फोटो जागच्या जागी, म्हणून फाइल वरवर चाळली तर काहीच खटकत नाही. सगळ्यात शेवटची ओळ रिकामी राहते. ती तुमची 90 लिटर कूलरची. किंमतच नाही तर साइट बटण कुठून दाखवणार?

परवाची जुनी फाइल असेल तर ती याच वर्कबुकमध्ये juni नावाच्या शीटवर चिकटवा. A रकान्यात कोड आणि D मध्ये किंमत धरून नव्या शीटच्या मोकळ्या रकान्यात हे टाका आणि खाली ओढा:

```
=IF(ABS(D2-VLOOKUP(A2,juni!A:D,4,FALSE))>0.08*D2,"पाहा","")
```

8 टक्क्यांहून जास्त फरक असलेली प्रत्येक ओळ "पाहा" म्हणेल. सेलमध्ये मुद्दाम उतरवलेल्या किमतीही त्यात येतील, त्या हाताने बाजूला करा. आणि कोडवरूनच जुळवा, नावावरून नको. "1.5 टन" आणि "1.5 टन " यांत शेवटची एक रिकामी जागा पुरते चुकायला.

केळीपट्टा
मागच्या आठवड्यात मी याच दुकानातून (बहुतेक हेच) 65 लिटर कूलर घेतला, 9,290 ला. आता त्याचे भाव उतरले असतील तर फरक परत मिळेल का? रावेरला 44 च्या वर पारा गेलाय, कूलर चांगला चाललाय, तक्रार काही नाही.

वकिली_नजर
केळीपट्टा दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही घेतला तेव्हा किंमत बरोबर होती. नंतर खरंच उतरली तरी दुकानदाराने तसं आधी कबूल केलेलं नसेल तर फरक मागता येत नाही.

भाव_पाडू, तुमचं अर्धं बरोबर आहे. साइटवर मांडलेली किंमत म्हणजे "या, मागणी करा" असं आमंत्रण. ग्राहकाची ऑर्डर ही मागणी, आणि दुकानाने ती स्वीकारली की करार. स्वीकारायच्या आधी दुकान नाही म्हणू शकतं, इथपर्यंत तुमचं चालतं. पण करार झाल्यावर "आमची चूक झाली" एवढ्याने तो मोडता येत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 22 हेच सांगतं: एकाच बाजूची चूक असेल तर तेवढ्या कारणाने करार रद्द होत नाही. आणि त्या अटीतल्या वाक्यावर फार विसंबू नका. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी रद्द करण्याची मुभा देणाऱ्या अटीला ग्राहक संरक्षण कायदा 2019 ने अनुचित कराराच्या व्याख्येत धरलं आहे.

आकडा कोणता हे फार महत्त्वाचं. 38,490 चा एसी 3,849 ला दिसला असता तर घेणाऱ्यालाही चूक दिसत होती, असं म्हणायला जागा होती. 33,490 ही आखाजीच्या सेलमध्ये अगदी पटणारी किंमत. कोणी लबाडी केली असं तुम्हाला म्हणता येणार नाही. वर तुम्ही बॅनर फिरवलात, म्हणजे जाहिरातही झाली.

आता कळीचं: ऑर्डर टाकल्यावर ग्राहकाला जो आपोआप संदेश जातो, त्यातले शब्द नेमके काय आहेत?

दुकान_जळगाव
"धन्यवाद! तुमची ऑर्डर कन्फर्म झाली आहे. 3 दिवसांत डिलिव्हरी." सगळ्या 17 जणांना गेलाय. त्यातल्या दोघांची बिलंही सकाळी फाटली, चोपडा आणि शहाद्याची. माल अजून गोडाऊनलाच आहे.

वकिली_नजर
मग तुमची बाजू लंगडी आहे. "ऑर्डर मिळाली, तपासून कळवतो" असं असतं तर गोष्ट वेगळी होती. आपोआप गेलेला संदेश म्हणजे स्वीकार की नुसती पोच, यावर वाद घालता येतो, पण "कन्फर्म" हा शब्द तुम्हीच लिहिलाय. बिल फाटलेल्या दोघांबाबत तर वादालाही जागा नाही. उद्यापर्यंत तो साचा बदला. आजच्या 17 जणांना त्याचा उपयोग नाही, तरी बदला.

हिशोबी_ताई
85,000 चा आकडा कुठून आला? 5,000 हा न मिळालेला फायदा धरून आहे. खिशातून जाणारं वेगळं मोजावं लागतं. दुकान_जळगाव दादा, एसी तुम्हाला जीएसटीसकट कितीला पडतो?

दुकान_जळगाव
36,200.

हिशोबी_ताई
मग 33,490 ला विकला तर एका नगामागे 2,710 कमी येतात. पण खरेदीतल्या जीएसटीचं क्रेडिट तुम्ही घेता आणि विक्रीवरचा करही कमी किमतीवरच भरता, म्हणून हा फरक 18 टक्के करासह आहे. 2,710 ला 1.18 ने भागा, साधारण 2,297 उरतात. 11 नगांचे 25 हजारांच्या आसपास, 17 चे 39 हजार. कमी नाहीत, पण 85,000 ही नाहीत. भीतीपोटी मोठा आकडा धरून निर्णय घेऊ नका. गाडीभाडं आणि फिटिंग तुम्ही 38,490 ला विकला असता तरी लागलंच असतं, ते यात धरायचं नाही.

दुकान_जळगाव
तक्ताबहाद्दर भाऊ, सूत्र लावलं. 9 ओळी "पाहा" निघाल्या. 2 टनला 38,490 लागली होती (खरी 47,990), 1 टनला 29,990. खिडकीच्या एसीला तर 7,490, पण तो स्टॉकमध्ये नव्हता म्हणून कोणी घेतला नाही. आणि 65 लिटर कूलरला 11,990 लागली, खरी 9,290. त्या रात्रीत 4 कूलर गेलेत. चौघांचीही बिलं झालीत.

तक्ताबहाद्दर
यासाठीच पोस्ट थांबवायला सांगितलं. यादीत एसी मोठ्याकडून लहानाकडे आणि कूलर लहानाकडून मोठ्याकडे मांडलेत, म्हणून सरकल्यावर एसी स्वस्त झाले आणि कूलर महाग. स्वस्त झालेलं लगेच कळतं, कारण ऑर्डरी धडाधड येतात. महाग झालेलं कोणी ओरडून सांगत नाही. कूलरच्या खोक्यावर एमआरपी किती आहे?

दुकान_जळगाव
11,490.

भाव_पाडू
मग 500 जास्त घेतले. तेवढे परत केले की झालं.

वकिली_नजर
नाही झालं. एमआरपीच्या वर विकणं हा वैधमापन नियमांचा भंग, तो 500 च्या पलीकडचा विषय. आणि ग्राहकाचा हिशोब एमआरपीशी नाही, तुमच्या स्वतःच्या किमतीशी आहे. मागच्या आठवड्यात तोच कूलर 9,290 ला होता, हे केळीपट्टा दादांनीच वर लिहिलंय. फरक पूर्ण 2,700 चा द्या, चौघांचे 10,800. त्यांनी मागायची वाट पाहू नका.

हिशोबी_ताई
आणि ते बिल फाडून नवीन करू नका. प्रत्येकाच्या बिलावर 2,700 ची क्रेडिट नोट काढा, करासकट. पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत. "पुढच्या खरेदीवर कूपन" चालणार नाही, त्यांनी रोख जास्त मोजलीय.

अक्षरशः
आता पोस्टच्या भाषेवर येऊ. पहिल्या मसुद्यात चार ठिकाणी अडतं.

"तांत्रिक बिघाड" खरं नाही. खाना चुकीचा डिलीट झाला, माणसाच्या हातून. उद्या कोणी विचारलं की कोणता बिघाड, तर दुसरं खोटं बोलावं लागेल. "किमती भरताना आमच्याकडून चूक झाली" एवढं बास.

"गैरसमज झाला असल्यास" हे तर ग्राहकावर ढकलणं. त्याने आकडा बरोबर वाचला, तुम्ही चुकीचा लिहिला.

"सुधारित किंमत" वाचून माणूस म्हणतो, भाव वाढवले. सुधारित म्हणजे बदललेली. तुमची किंमत बदललेली नाही, ती चुकीची छापली गेली होती. "बरोबर किंमत" लिहा.

आणि ती काट मारलेली 33,490. खरेदीच्या साइटवर काट म्हणजे जुना भाव आणि शेजारी नवा, कमी भाव, ही सवय डोळ्याला लागलीय. इथे काट मारलेला आकडा लहान आणि नवा मोठा, म्हणजे वाचणारा एकतर गोंधळतो नाहीतर "बघा, वाढवलं" म्हणून स्क्रीनशॉट काढतो. चुकीची किंमत वाक्यात एकदा लिहा, ज्याने पाहिली त्याला ओळख पटावी म्हणून. ठळक फक्त बरोबर किंमत.

बॅनरचं काय केलं?

दुकान_जळगाव
स्टेटस काढलं. ग्रुपातले मेसेज "Delete for everyone" केले.

अक्षरशः
स्टेटस काढलं ते ठीक. ग्रुपात मात्र तिथे आता "हा मेसेज डिलीट केला" असं दिसतंय, आणि ज्यांनी तोवर पुढे पाठवला त्यांच्याकडे तो तसाच आहे. त्याच ग्रुपांत दुरुस्ती टाका, नाहीतर तुम्ही गुपचूप काढला एवढंच लोकांना दिसेल. दुरुस्तीचं चित्र बॅनरच्याच रंगात, त्याच मांडणीत करू नका. सेलच्या लाल-पिवळ्यात केलं तर लोक नवीन ऑफर समजून पुढे ढकलतात. पांढऱ्यावर काळं, वर मोठ्या अक्षरात "दुरुस्ती" आणि तारीख. फेसबुकवर लिंक टाकली असेल तर Sharing Debugger मध्ये ती लिंक देऊन "Scrape Again" दाबा, नाहीतर जुन्या किमतीचं शीर्षक तसंच दिसत राहतं.

तक्ताबहाद्दर
साइटचा कॅशही रिकामा करा आणि मग मोबाइल डेटावर, लॉगिन न करता तपासा. दुकानाच्या कॉम्प्युटरवर अॅडमिन म्हणून लॉगिन असताना बरोबर दिसतं आणि बाहेर तासभर जुनंच चालू असतं, हे फार वेळा होतं. त्या तासात अठरावी ऑर्डर पडली तर "चुकीची वेळ 8:25 पर्यंत" हे तुमचं वाक्यच खोटं ठरतं. वस्तूचं पान मात्र डिलीट करू नका. विक्री थांबवायची तर "Out of stock" करा. पान गेलं की पुरावाही गेला, आणि लिंकवर येणाऱ्याला दुकान पळालं असं वाटतं.

दुकान_जळगाव
मोबाइलवर पाहिलं. 1.5 टन बरोबर आहे, पण 2 टनला अजून 38,490! मी एकच ओळ दुरुस्त केली होती ना. आता जुनी फाइलच पूर्ण परत चढवतो.

ठरवलं असं: पैसे भरलेल्या 11 जणांना 33,490 ला देणार, 2 टन आणि 1 टन कोणी घेतलेला नाही. कॅश ऑन डिलिव्हरीच्या 6 जणांना फोन करून रद्द. चालेल ना?

भाव_पाडू
हे पटलं. ज्याने पैसा लावला त्याला माल. बाकीच्यांनी नुसतं बटण दाबलंय.

वकिली_नजर
मला नाही पटत. कन्फर्मचा संदेश सहाही जणांना गेलाय. पैसे कधी द्यायचे ही पद्धत तुम्हीच दिलेली, त्यावरून करार कमी-जास्त होत नाही. शिवाय बॅनर पाहून खेड्यातला माणूस रोखीनेच घेतो, म्हणजे तोच वगळला जाणार.

हिशोबी_ताई
सहाचे 13,800 च्या आत होतात. पण कॅश ऑन डिलिव्हरीत काही जण दारातून परत पाठवतात हेही खरं, मग दोन्हीकडचं भाडं दुकानाच्या अंगावर. मी असले तर सहाही जणांना फोन करून विचारीन की 33,490 ला देतोय, आज पैसे भरता का. भरतील त्यांना द्या.

वकिली_नजर
हा मधला रस्ता चालण्यासारखा आहे, कायद्याने निर्दोष म्हणणार नाही. एक सांभाळा: रद्द करताना "त्याऐवजी हा दुसरा एसी घ्या" असं त्याच फोनमध्ये बोलू नका. कमी किमतीचं गाजर दाखवून दुसरा माल गळ्यात मारणं, हे 2023 च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक सूचनांमध्ये नाव घेऊन सांगितलंय. तुमचा हेतू तो नसला तरी संवाद तसाच वाटेल. तक्रार आलीच तर 48 तासांच्या आत तिची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. त्यासाठी तक्रार अधिकाऱ्याचं नाव-नंबर साइटवर हवा. आहे ना?

दुकान_जळगाव
आहे, तळाला. ताईंचा मार्ग घेतो. अक्षरशः भाऊ, मसुदा तुम्हीच बांधून द्या.

अक्षरशः
आधी 11 + 6 + 4 अशा 21 जणांना वैयक्तिक कळवा, मगच ही पोस्ट. आपल्या ऑर्डरचं काय झालं हे माणसाला ग्रुपातून कळलं तर चांगला निर्णयही वाईट वाटतो.

"दुरुस्ती. किमती भरताना आमच्याकडून चूक झाली. आखाजीच्या आदल्या रात्री 11:40 पासून साइटवर काही एसी आणि कूलरच्या किमती चुकीच्या दिसत होत्या. 1.5 टन 3 स्टार इन्व्हर्टर एसी 33,490 दाखवला गेला, आमचा बॅनरही तसाच गेला. त्याची बरोबर किंमत ₹38,490. 65 लिटर कूलर 11,990 दाखवला गेला, त्याची बरोबर किंमत ₹9,290.
त्या वेळेत पैसे भरून घेतलेले एसी 33,490 लाच मिळतील. कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांना आम्ही फोन केला आहे. कूलरसाठी जास्त घेतलेले 2,700 रुपये चारही ग्राहकांना परत पाठवले आहेत, खात्यात जमा व्हायला बँकेप्रमाणे काही दिवस लागू शकतात. फोन आला नसेल तर ऑर्डर नंबरसह साइटच्या तळाशी दिलेल्या नंबरवर कळवा."

कधीपर्यंत चुकीचं होतं ती वेळ मी मुद्दाम लिहिली नाही. 2 टन अजून चुकीचा असेल तर 8:25 लिहिता येत नाही. फाइल चढवून, मोबाइलवर पाहून, मग ती वेळ भरा.

तक्ताबहाद्दर
आणि "पाठवले आहेत" हे खरोखर पाठवल्यावरच लिहा.

दुकान_जळगाव
फाइल चढली. 9 च्या 9 ओळी मोबाइलवर तपासल्या, 90 लिटरचं बटणही आलं. वेळ 12:10 टाकतोय. 8:25 नंतर 2 टनची एक ऑर्डर पडलीय, 38,490 ला, नवापूरहून, पैसे भरलेले. खरी 47,990. याला काय करू?

हिशोबी_ताई
2 टन तुम्हाला कितीला पडतो ते सांगा आधी.

भाव_पाडू
बठ्ठं देतच बसलात तर दुकान कसं चालणार? याला तरी रद्द करा. साडेनऊ हजारांचा फरक, त्यालाही दिसलं असणार.

वकिली_नजर
दिसलं असेलच असं नाही. शेजारीच 1.5 टन 38,490 लाच होता तेव्हा. दोन्ही एकाच किमतीला पाहून त्याने मोठा घेतला, तर ग्राहक म्हणून तो शहाणा ठरतो. पण हेच उलटही वळवता येतं: दोन्हींची किंमत एकच, हे चुकीचं लक्षण त्याच्या डोळ्यासमोर होतं. माझं मत द्यावं असं आहे, छातीठोक सांगत नाही.

दुकान_जळगाव
44,900 ला पडतो. संध्याकाळपर्यंत फोन करून बघतो नवापूरला. पोस्टमध्ये 2 टनची ओळ वाढवतोय.

केळीपट्टा
म्हणजे माझा 9,290 बरोबरच होता तर.